केबल बंद केली, अनामतीचे काय?

डिलाईल रोडचे सरकारी नाव ना. म. जोशी मार्ग. परंतु जुन्या रहिवाशांच्या तोंडी अजूनही डिलाईल रोडच बसलेले आहे. या रस्त्यावरील बी.डी.डी. चाळींच्या ३२ इमारती, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, हे चित्र आता बदलू लागले आहे. म्हाडामार्फत पुनर्विकास सुरू झाला आणि कुटुंबे टप्प्याटप्प्याने संक्रमण शिबिरात अथवा भाड्याच्या घरात जाऊ लागली. घर सोडताना माणूस विजेचे मीटर, गॅसची नोंदणी, शिधापत्रिका, मुलांची शाळा यांची चिंता करतो. कपाटावरच्या केबलच्या पेटीची आठवण बहुधा शेवटच्या दिवशी होते, आणि ती पेटी घेताना भरलेल्या अनामतीची आठवण तर बहुतेकांना होतच नाही.

गेल्या वर्षी याच चाळीतील एक परिचित वहिनी माझ्याकडे आल्या. त्यांचे यजमान गिरणीत होते. ते आता हयात नाहीत. मुलाने पनवेलच्या बाजूला भाड्याने घर घेतले होते. वहिनींच्या हातात एक पिवळी पडलेली पावती होती. त्या म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही बँकेत होता म्हणून विचारते. केबलवाला म्हणतो, पेटी राहू द्या, आमचा मुलगा येऊन घेऊन जाईल. पैशांचे विचारले तर म्हणतो, ते पेटीचेच होते. हे खरे का?”

प्रश्न साधा होता; पण त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देण्यासारखे नव्हते. उत्तर त्या पावतीत होते.

पेटी कोणाची?

कर्ज असो, ठेव असो अथवा तारण, बँकेत आम्ही पहिला प्रश्न एकच विचारत असू: वस्तू कोणाच्या मालकीची आहे? केबलच्या बाबतीतही सर्व व्यवहाराची किल्ली याच प्रश्नात आहे. ग्राहकाला पेटी दोन प्रमुख मार्गांनी मिळते. एक, त्याने ती पूर्ण किंमत देऊन विकत घेतलेली असते. दुसरा, ती त्याला भाड्याने दिलेली असते आणि ती सुखरूप परत येईल याची हमी म्हणून अनामत घेतलेली असते. हप्त्याने घेतल्यास हप्ते पुरे होईपर्यंत ती पुरवठादाराची आणि नंतर ग्राहकाची, हा या दोहोंमधला प्रकार झाला.

पेटी विकत घेतली असेल, तर परत मागण्यासारखी अनामत नसतेच. पेटी आपली; पुरवठादाराला ती काढून नेण्याचा अधिकार नाही आणि आपल्यालाही पैसे मागण्याचा नाही. पेटी भाड्याची असेल, तर याच्या नेमके उलट. पेटी त्यांची, अनामत आपली, आणि एकाच्या मोबदल्यात दुसरे परत मिळावयास हवे. वाद होतो तो बहुतेक वेळा या दोन प्रकारांची सरमिसळ केल्यामुळे. पैसे घेताना ‘डिपॉझिट’ म्हटले जाते, परत मागताना त्यालाच ‘किंमत’ म्हटले जाते. आणि पेटी मात्र दोन्ही वेळी कंपनीचीच राहते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

आपली रक्कम कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्याची एक खूण व्यापारी वाचकांना चटकन पटेल. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार पुरवठ्यापोटी ठेवलेली अनामत हा मोबदला समजला जात नाही. पुरवठादाराने ती मोबदल्यात वळती केली तरच ती मोबदला ठरते. म्हणून अलीकडच्या पावतीवर त्या रकमेवर कर लावलेला दिसला, तर ती रक्कम किंमत अथवा शुल्क म्हणून घेतली गेली असण्याची शक्यता मोठी. कर नसेल आणि ‘परतावायोग्य’, ‘रिफंडेबल’ किंवा ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ असा शब्द असेल, तर ती अनामत. ‘ॲक्टिव्हेशन’ आणि ‘इन्स्टॉलेशन’ या नावाने घेतलेले पैसे मात्र सेवेचे शुल्क असते. ते परत मिळत नाही.

छतावर तबकडी बसवून घेतलेल्या डीटीएच जोडणीत बहुधा अनामतीचा शब्दच नसतो. पेटी विकलेली असते, किंवा बसवण्याचे शुल्क घेऊन पेटी कंपनीच्या मालकीची ठेवलेली असते. तेथे परत मागण्यासारखे काही आहे का, हे आधी कागद वाचून ठरवावे. केवळ शेजाऱ्याला केबलकडून पैसे मिळाले म्हणून आपल्यालाही मिळतील, असे नव्हे.

पावतीने काय सांगितले

वहिनींची पावती नोव्हेंबर २०१२ ची होती. ती तारीख पाहताच संदर्भ लागला. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत जुनी ॲनालॉग केबल बंद करून डिजिटल पेटी अनिवार्य करण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ही होती. त्या दिवसांत चाळीतल्या घराघरांत घाईघाईने पेट्या बसल्या. पडदा काळा होईल या भीतीने लोकांनी मागितले तेवढे पैसे दिले आणि पावती न वाचता डब्यात ठेवली. काहींनी तर पावती घेतलीच नाही.

वहिनींच्या पावतीवर पुढील बाजूस ‘परतावायोग्य अनामत रुपये १,०००’ असे छापलेले होते. खाली पेटीचा क्रमांक आणि आत बसणाऱ्या कार्डाचा क्रमांक हाताने लिहिलेला. मागील बाजूस बारीक अक्षरांत तीन अटी होत्या. पेटी वापरलेल्या दर पूर्ण वर्षास अनामतीतून १० टक्के वजावट, परंतु एकूण वजावट ५० टक्क्यांहून अधिक नाही. पेटी चालू स्थितीत, न उघडलेली आणि रिमोट, अडॅप्टर व कार्डासह परत करावी. थकबाकी असल्यास ती अनामतीतून वळती होईल.

म्हणजे हिशेब सरळ होता. पाच वर्षे केव्हाच उलटली असल्याने वजावट ५०० रुपयांवर थांबली होती. वहिनींचे ५०० रुपये येणे होते. ‘पैसे पेटीचेच होते’ हे विधान त्यांच्याच छापील पावतीने खोटे ठरत होते. वजावटीचा दर प्रत्येक योजनेत निराळा असतो. म्हणून दुसऱ्याच्या पावतीवरून आपला हिशेब करू नये.

पेटीवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक

मी वहिनींना घरी जाऊन पेटी उलटी करून पाहावयास सांगितले. तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा क्रमांक पावतीवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. येथेच असंख्य अनामती बुडतात. पुरवठादार म्हणतो, ‘ही पेटी या पावतीची नाही,’ आणि ग्राहक निरुत्तर होतो.

कारण मात्र साधे होते. २०१८ साली जुनी पेटी बिघडली होती. केबलचा मुलगा आला, जुनी घेऊन गेला आणि दुसरी लावून गेला. बदलीची चिठ्ठी त्याने दिली नाही व कोणी मागितलीही नाही. ज्यांच्या घरी पेटी आजही चालू आहे त्यांनी एवढे एक अवश्य करावे: पेटी बदलली जाईल त्या दिवशी जुन्या पावतीच्या पाठीवर नव्या पेटीचा क्रमांक, तारीख आणि आलेल्या माणसाची सही घ्यावी.

चिठ्ठी नसली तरी मार्ग बंद होत नाही. केबलची पेटी ही सुटी वस्तू नसते. ज्या मोठ्या कंपनीकडून वाहिन्यांचे प्रक्षेपण येते, तिच्या संगणकात प्रत्येक पेटीचा आणि कार्डाचा क्रमांक ग्राहकाच्या नावाशी व पत्त्याशी जोडलेला असतो. ही जोड झाल्याशिवाय पेटीवर सशुल्क वाहिन्या दिसत नाहीत. रिमोटवरून मेनूमध्ये जाऊन पेटीची माहिती उघडली, की हे क्रमांक पडद्यावरच दिसतात. आम्ही त्या पडद्याचे छायाचित्र घेतले. मग कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर दूरध्वनी करून विचारले, ‘या क्रमांकाची पेटी कोणाच्या नावावर आहे?’ उत्तर मिळाले, वहिनींच्या दिवंगत यजमानांच्या नावावर. तक्रारीचा नोंदणी क्रमांक लिहून घेतला. पेटी बदलली तरी खाते तेच राहिले, हे त्यांच्याच नोंदीने सिद्ध झाले.

हे सारे जोडणी चालू असतानाच करावे. एकदा सेवा बंद झाली आणि टीव्ही बांधून टेम्पोत गेला, की पडद्यावरचा पुरावाही गेला.

नाव यजमानांचे असल्याने आणखी एक कागद जोडावा लागला. मृत्यू दाखल्याची प्रत आणि मुलाने ‘आईला रक्कम देण्यास हरकत नाही’ असे लिहिलेले साधे पत्र, एवढ्यावर काम झाले. रक्कम लहान असल्याने वारस दाखल्याचा प्रश्न कोणी काढला नाही.

बंद करणे म्हणजे पैसे न भरणे नव्हे

पुष्कळांची समजूत अशी असते, की रिचार्ज केले नाही म्हणजे जोडणी बंद झाली. प्रत्यक्षात फक्त चित्र बंद होते. खाते आणि पेटीचा भाडेकरार तसाच राहतो. करारात मासिक भाडे असेल तर ते थकबाकीत साठू शकते, आणि वहिनींच्या पावतीप्रमाणे थकबाकी अनामतीतून वळती करण्याची अट असेल तर सहा-आठ महिन्यांत अनामत संपते. शिवाय पेटी आपल्या ताब्यात असल्याची नोंद त्यांच्याकडे कायम राहते. चातुर्मासात किंवा गावी जाताना काही महिने टीव्ही बंद ठेवायचा असेल, तर तात्पुरत्या स्थगितीची मागणी करावी. तो निराळा अर्ज आहे. कायमचे सोडावयाचे असेल, तर तसे लेखी कळवावे.

वहिनींसाठी लिहिलेला अर्ज पाच ओळींचाच होता. अर्जात कोणता शब्द कशासाठी आहे हे कळावे म्हणून तो येथे देतो:

“माझ्या दिवंगत पतींच्या नावावरील ग्राहक क्रमांक अमुक याची सेवा दिनांक अमुकपासून कायमची बंद करावी. पेटी क्रमांक अमुक व कार्ड क्रमांक अमुक, रिमोट आणि अडॅप्टरसह मी परत करण्यास तयार आहे. ती स्वीकारून लेखी पोच द्यावी. पावती क्रमांक अमुक अन्वये भरलेल्या अनामतीतून, पावतीवरील अटींप्रमाणे येणारी रक्कम व खात्यातील शिल्लक माझ्या बँक खात्यात जमा करावी. काही वजावट करावयाची असल्यास तिचा तपशील लेखी द्यावा. वरील तारखेनंतरचे कोणतेही भाडे अथवा शुल्क मला मान्य नाही.”

बंद करण्याची तारीख अर्जाच्या दिवसापासून साधारण पंधरा दिवसांनंतरची घातली, म्हणजे ‘आम्हाला वेळच दिला नाही’ असे म्हणावयास जागा उरत नाही. अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक स्थानिक केबलचालकाला देऊन दुसरीवर शिक्का व सही घेतली. आणि तोच मजकूर मोठ्या कंपनीला ईमेलने पाठवला. दोघांनाही कळवणे महत्त्वाचे, कारण पैसे गल्लीतल्या चालकाने घेतलेले असतात आणि पेटी बहुधा वरच्या कंपनीची असते. एकाला विचारले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. गल्लीतला चालक मध्यंतरी बदललेला असेल, तर नवा सरळ म्हणतो, ‘पैसे मी घेतलेच नाहीत.’ तेव्हा पावतीवर ज्याचे नाव छापलेले आहे, त्याच्याकडेच मागणी करावी. पावती कंपनीच्या नावाची असेल तर चालक कोणीही असो, देणे कंपनीचे.

पेटी देताना

आठव्या दिवशी केबलचा मुलगा पेटी न्यावयास आला. पोच मागताच म्हणाला, “काकू, एवढ्याशा पेटीची कसली पोच? विश्वास नाही का?” वहिनी शांतपणे म्हणाल्या, “बाळा, विश्वास आहे म्हणूनच तर सही मागते.” त्याने पोच पुस्तक आणले नव्हते, मग वहीच्या कागदावर आम्हीच लिहिले: तारीख, वेळ, पेटीचा व कार्डाचा क्रमांक, ‘चालू स्थितीत, सील अखंड, रिमोट व अडॅप्टरसह मिळाली’, आणि खाली त्याचे नाव व सही. त्याआधी पेटी टीव्हीला लावून चालू असल्याचे दाखवले आणि त्याचे चित्रण मुलाच्या मोबाईलमध्ये ठेवले. पुढे ‘पेटी बंद होती’ असे म्हटले गेले, तर हे चित्रण उपयोगी पडते.

एक उणीव निघाली. मूळ अडॅप्टर जळाल्यामुळे बाजारातला लावलेला होता. आम्ही ते लपवले नाही. पोचेत तसे लिहिले. ज्याची वजावट रास्त आहे ती मान्य केली, की उरलेल्या रकमेवरचा आपला हक्क अधिक भक्कम होतो.

यानंतर महिनाभर काहीच घडले नाही. दूरध्वनी केला की ‘ऑफिसला पाठवले आहे’ एवढेच उत्तर. तेव्हा पुढची पायरी घेतली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१७ च्या सेवा-दर्जा व ग्राहक संरक्षण नियमांनुसार पुरवठादाराला ग्राहक सेवा केंद्र ठेवावे लागते, तक्रारीला क्रमांक द्यावा लागतो आणि प्रत्येक राज्यासाठी नोडल अधिकारी नेमावा लागतो. त्या अधिकाऱ्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यांना पावती, अर्ज, पोच आणि तक्रार क्रमांक अशा चार कागदांसह एक पत्र स्पीड पोस्टाने पाठवले. पत्रात रागाचा एकही शब्द नव्हता. फक्त तारखा होत्या.

तीन आठवड्यांत वहिनींच्या खात्यात ४०० रुपये जमा झाले. ५०० मधून अडॅप्टरचे १०० वजा केल्याचे लेखी कळवले होते. खात्यावर थकबाकी शून्य असल्याचेही त्याच पत्रात होते.

तेथेही दाद लागली नसती तर? ट्राय नियम करते, पण एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करीत नाही. म्हणून तेथे पत्रे लिहून वेळ दवडू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे नोंदवलेली तक्रार कंपनीकडे पाठवली जाते आणि पुष्कळदा एवढ्यावरच काम होते. शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे डिलाईल रोड सोडून पनवेलला गेलेल्या माणसाला मुंबईत खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. दुकानातील अथवा पेढीतील जोडणी व्यापारी उपयोगाची असल्यास ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप येऊ शकतो, हे व्यापारी मंडळींनी ध्यानात ठेवावे.

दुकानाच्या वहीत

दुकानाच्या जोडणीची अनामत भरली त्या दिवशी ती ‘टीव्ही खर्च’ म्हणून लिहिली गेली असेल, तर ती वहीतून तेव्हाच नाहीशी झाली आणि मालकाच्या मनातूनही. ती ‘अनामत येणे’ या खात्यात असावयास हवी. परत आलेली रक्कम उत्पन्न नव्हे. ती त्याच खात्यात जमा होते आणि कापलेली रक्कम तेवढी खर्चात जाते. पावती हरवलेली असताना, त्या तारखेची वहीतील नोंद आणि धनादेशाने दिले असल्यास बँकेचा उतारा, हे दोनच पुरावे हाती उरतात.

वहिनींच्या ४०० रुपयांना मुलगा प्रथम हसला होता. मी त्याला म्हटले, तुझ्या एकट्याच्या खोलीचे ४०० आहेत. पण या रस्त्यावरच्या ३२ चाळींत २,५६० खोल्या आहेत. निम्म्या खोल्यांत जरी अशी पावती डब्यात पडून असेल, तरी ती रक्कम ५ लाखांच्या वर जाते. आणि ती कोणी चोरली, असे म्हणताही येणार नाही, कारण ती कोणी मागितलीच नाही. दुसऱ्या दिवशी तो मजल्यावरच्या सहा घरांच्या पावत्या घेऊन आला. तिघांच्या पावत्या अनामतीच्या निघाल्या, दोघांच्या विक्रीच्या. आणि एकाची निव्वळ बसवण्याच्या शुल्काची होती. ज्या तिघांचे येणे होते, त्यांचे अर्ज आम्ही त्याच दिवशी एकत्र लिहिले. उरलेल्या तिघांना मी सांगितले, की तुमचे काही येणे नाही. त्यांतील दोघांची पेटी मात्र त्यांचीच होती, आणि ती न्यावयास आलेल्या मुलाला त्यांनी पावती दाखवून परत पाठवले.